फळी हलली म्हणून ती वळली

आमच्या गावात असं मानलं जातं की कोळीवाड्यातल्या एका मुलीला ऐकू येत नाही, हे मी शोधून काढलं. बाटलीत फुंकर मारून शोधलं, असंही सांगतात. अंगणवाडीच्या ताईने तेव्हा मोबाइलवर केलेलं चित्रीकरण गावभर फिरलं. त्यावरून माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. सत्काराच्या भाषणात कुणीतरी मला हाडाचा शिक्षक म्हटलं. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

खरं असं आहे की ते चित्रीकरण झालं त्याच्या आठ महिने आधीपासून मला माहीत होतं. ते आठ महिने मी गप्प बसलो, आणि एकदा तर गप्प बसण्यापेक्षाही वाईट केलं. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. हे सांगायचं राहून गेलं तर माझ्या मागे ती खोटी गोष्टच उरेल.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर मुरुडच्या अलीकडे आमच्या गावी येऊन राहिलो. पत्नी गेल्यावर दिवस फार लांब वाटू लागले. कोळीवाड्यातल्या अंगणवाडीची ताई माझ्या एका विद्यार्थ्याची सून. ती एकदा म्हणाली, "गुरुजी, आठवड्यातून दोन दिवस येऊन बसा ना. पोरांना काहीतरी करून दाखवा. नुसती गाणी म्हणून म्हणून माझा घसा बसला."

मी आवाज दाखवायचं ठरवलं. नोकरीत असताना टाकाऊ वस्तूंपासून वाद्यं करायचा माझा नाद होता. सामान गोळा करायला फार फिरावं लागलं नाही. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं किनाऱ्यावर येतात आणि सोमवारी सकाळी वाळूत काचेच्या बाटल्या पडलेल्या असतात. मी पिशवी घेऊन जायचो. ताईने पहिल्या दिवशी त्या पाहिल्या आणि पदर तोंडाला लावला.

"अगं बाई! गुरुजी, ह्या बिअरच्या आहेत."

"होत्या," मी म्हटलं. "आता वाद्यं आहेत."

"पोरांच्या तोंडाला लावणार? त्यांच्या आया मला झोडतील."

मग मी बाटल्या रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवल्या, कागद खरवडून काढले आणि गरम पाण्याने धुतल्या. तरी ताईने प्रत्येकीला लाल रंगाचा पट्टा मारला, म्हणजे ती कुठल्या प्रकारची बाटली ते ओळखू येऊ नये. दुधाच्या पावडरीचे डबे गावातून मिळाले. त्यांच्या कापलेल्या कडा मी हातोडीने आत ठोकून बोथट केल्या आणि वर चिंधी चिकटवली. होड्यांना रंग लावून रिकामे झालेले डबे नाकारले, कारण रंगाचा वास जात नव्हता. पंधरा लिटरचा तेलाचा एक चौकोनी डबा मात्र फार चांगला निघाला. उपडा ठेवून मुठीने मारला की ढोलासारखा बोलायचा.

अंगणवाडीच्या खोलीत जुन्या होडीच्या फळ्या ठोकून विटांवर ठेवलेली एक बैठक होती. जमीन पावसात ओल धरायची म्हणून मुलांना तिच्यावर बसवत. खाली पोकळ असल्यामुळे एक मूल नाचलं की सगळी बैठक थरथरायची. ही बैठक लक्षात ठेवायला हवी.

मुलं तीन ते पाच वर्षांची. मी तिघांना तीन बाटल्या दिल्या, एक रिकामी, एक अर्धी भरलेली, एक गळ्याच्या खालपर्यंत भरलेली. बाटलीच्या तोंडात फुंकायचं नाही, ओठ कडेला टेकवून तोंडावरून आडवी फुंकर घालायची. पहिले दोन दिवस नुसती थुंकी उडाली. तिसऱ्या दिवशी एकाच्या रिकाम्या बाटलीतून जाड, लांब आवाज आला आणि तो स्वतःच दचकला.

"बोटीचा भोंगा!"

भरलेल्या बाटलीतून बारीक शिट्टी आली. मी सांगितलं की फुंकरीने बाटलीतली हवा थरथरते. हवेला जागा भरपूर असेल तर आवाज जाडा, जागा थोडी असेल तर बारीक.

"हवा खय हाय? मना त दिसत नाय," एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

मग मी त्याच बाटल्यांवर चमच्याने टिचकी मारली. आता उलटं झालं. भरलेली जाड बोलली आणि रिकामी बारीक, कारण आता काच आणि पाणी थरथरत होतं, आणि पाणी जास्त म्हणजे हलवायचं ओझं जास्त. मुलांना कारण कळलं नसेल, पण उलटं झालं हे बरोबर कळलं. त्यांना ते जादूपेक्षा लबाडी वाटली. "गुरुजी फसवतात," असं ती एकमेकांना सांगत होती.

डब्याच्या उघड्या तोंडावर मी रबरबँड ताणून बसवले होते, दोन जाड आणि दोन बारीक. बोटाने ओढून सोडलं की रबर थरथरताना डोळ्याला पुसट दिसायचं. दुसऱ्या एका डब्याच्या तोंडावर फुगा कापून ताणून बांधला होता आणि त्यावर तांदळाचे दाणे टाकले होते. शेजारी तेलाचा डबा बडवला की फुग्यावरचे दाणे नाचायचे, कुणी हात न लावता. "आवाज चालत जातो," मी मुलांना सांगितलं. "हवेतून जातो, फळीतून जातो. फळीतून तर फार छान जातो. फळीला कान लावून बघा." मुलं फळ्यांवर पालथी पडून कान लावायची.

हे सगळं मी स्वतःच्या तोंडाने शिकवलं होतं. म्हणून पुढे जे केलं त्याला अज्ञानाची सबब नाही.

ती मुलगी सव्वाचार वर्षांची होती. केस कुरळे, अंगात भावाचा मोठा शर्ट. ती बोलायची नाही, पण त्या वयात परक्यांसमोर न बोलणारी मुलं असतातच. ताई म्हणायची, लाजाळू आहे. ती दुसऱ्यांकडे बघून सगळं करायची. सगळी उठली की उठायची, सगळ्यांनी हात जोडले की जोडायची. एका गोष्टीत मात्र ती सगळ्यांच्या पुढे होती. रबरबँडचा डबा हातात आला की सोडायची नाही. डब्याच्या पत्र्याला गाल टेकवून, डोळे मिटून ती एकच जाड रबर पुन्हापुन्हा ओढायची.

जुलैतला एक दिवस. ताई बाहेर चुलीवर खिचडी बघत होती. मी मुलांचा खेळ घेत होतो. मी 'वाजवा' म्हटलं की सगळ्यांनी वाजवायचं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. मी त्यांच्या मागे उभा होतो, म्हणजे माझ्याकडे न बघता त्यांनी ऐकून थांबावं. पंधरा मुलं थांबली. एकटी ती वाजवत राहिली, गाल डब्याला, डोळे मिटलेले. मुलं हसली. मी पुन्हा खेळ घेतला. पुन्हा तेच. मुलं आणखी हसली, आणि मला वाटलं ती माझी थट्टा करते आहे. तिसऱ्या वेळी मी मोठ्याने ओरडलो, "थांब म्हटलं ना!" आणि पुढे होऊन तिच्या डब्याला न टेकलेल्या बाजूला एक थप्पड मारली.

ती गालावर बसायची, कानावर बसली. माझा तळवा पूर्ण कानावर पडल्याचं मला त्याच क्षणी कळलं.

ती रडली नाही. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि कानावर हात ठेवला. बाकीची मुलं एकदम गप्प झाली. ताई खिचडीचं पातेलं घेऊन आत आली आणि म्हणाली, "आज काय शहाणी बसलीत सगळी!"

माझ्या नोकरीत, माझ्याच शाळेत, एका शिक्षकाने मुलाच्या कानाखाली मारली होती आणि त्या मुलाच्या कानाचा पडदा फाटला होता. चौकशी झाली, बदली झाली, वर्तमानपत्रात आलं. त्या मुलाच्या कानातून आलेलं रक्त मी पाहिलं होतं. त्या दिवशी घरी जाताना मला तेच दिसत होतं. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी माझा अंगणवाडीत जायचा वार नसताना गेलो आणि तिच्या कानाकडे बघत बसलो. रक्त नव्हतं, सूज नव्हती. मी तिच्या मागे बसून हळूच टाळी वाजवली. ती वळली नाही. जोरात वाजवली. शेजारची दोन मुलं वळली. ती नाही.

 

मग मी तेलाचा डबा घेतला. ती बैठकीवर पाठमोरी बसली होती. मी डबा बैठकीच्या कडेला ठेवला आणि मुठीने मारला. ती चटकन वळली. पुन्हा थांबून मारला. पुन्हा वळली. मला इतकं हायसं वाटलं की मी तिला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ऐकू येतंय, फक्त टाळीकडे तिचं लक्ष नव्हतं, एवढंच. त्या दिवशी मी दोन वेळचं एकदम जेवलो.

पुढच्या आठवड्यात ऊन पडलं म्हणून ताईने मुलं बाहेर वाळूत बसवली. तेलाचा डबा मुलांनी ओढत बाहेर आणला होता. ती माझ्याकडे पाठ करून शिंपले रचत होती. मी सहज, अगदी सहज, डबा वाळूवर ठेवून मारला. आवाज तेवढाच मोठा. ती वळली नाही. आणखी मारला. एक कुत्रा उठून गेला. ती शिंपल्यावर शिंपला ठेवत राहिली.

वाळू थरथर पुढे जाऊ देत नाही. फळी देते. खोलीत ती वळली होती ती बैठक हलली म्हणून. तिच्या अंगाला ते कळलं होतं, कानाला नाही. रिकामी बाटली घेऊन मी तिच्या मागे गेलो आणि भोंगा वाजवला. मग भरलेली घेऊन शिट्टी वाजवली. काही नाही. डब्याला गाल लावून ती रबर का ओढत बसते तेही मला तेव्हा कळलं.

ताईकडे जाऊन सांगायला दहा पावलं होती. मी ती टाकली नाही. माझ्या मनात एकच हिशेब होता. सांगितलं की डॉक्टरकडे नेतील. डॉक्टर विचारतील, कधीपासून? कानाला काही लागलं होतं का? आणि पंधरा मुलं तिथे होती, त्यातली पाच वर्षांची पोरं सगळं सांगू शकतात. मी तिचा कान फोडला, असं मी मनात धरून चाललो होतो. दोन्ही कान एका थपडेने कसे जातील, हा साधा प्रश्न मला पडला नाही. भ्यालेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

त्यानंतर मी अंगणवाडीत जाणं बंद केलं नाही. बंद केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. मी जात राहिलो, आणि ती माझ्याजवळ आली की घाबरत राहिलो. मुलं घरी काय सांगतील या धास्तीने त्यांना चिक्की नेऊ लागलो. बाजारात तिच्या आईला लांबून पाहिलं तरी रस्ता बदलायचो. ती जोरात बोलणारी, सुक्या मासळीचा धंदा करणारी बाई. तिचा नवरा महिन्यातले बरेच दिवस बोटीवर असायचा.

गणपती झाल्यावर ताईने विषय काढला, आणि नेमका त्या मुलीच्या आईसमोर काढला. आई मुलीला न्यायला आली होती.

"गुरुजी, हिला हाक मारली तर कळत नाही असं वाटतं मला. कानाचं काही असेल का हो?"

आई हसली. "तिच्या बापाचं बी तसंच हाय. धा हाका मारल्या का एक ओ देतो. सगलं ऐकू येतं मेल्याला, पन ओ देनार नाय."

"तसं नाही गं. एकदा दाखवून घ्या डॉक्टरला."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. कोळीवाड्यात माझ्या शब्दाला मान होता. चाळीस वर्षं मुलं शिकवलेला माणूस, त्याला मुलांमधलं कळणार.

मी म्हटलं, "ऐकू येतं तिला. थांबा, दाखवतो."

ती बैठकीवर पाठमोरी होती. मी तेलाचा डबा बैठकीच्या कडेला ठेवला. माहीत असून ठेवला. मुठीने मारला. ती वळली.

"बघा," मी म्हटलं.

आई मोठ्याने हसली. "लबाड हाय! सांगितलं ना, बापावर गेली." ताईही हसली, जरा ओशाळून. मी पुन्हा एकदा मारला, पक्कं व्हावं म्हणून. ती पुन्हा वळली आणि या वेळी माझ्याकडे बघून हसली. तिला तो खेळ वाटला असावा.

थप्पड रागात मारली होती. हे शांत डोक्याने केलं.

त्याचं काय झालं ते मला हळूहळू कळलं. आधी आई समजून घ्यायची, पोर लहान आहे म्हणायची. मी 'सिद्ध' केल्यावर ती मुलगी मुद्दाम ओ देत नाही असं घरात ठरलं. 'गुरुजींनी दाखवलं ना, डबा वाजला का बरोबर वलते.' मग न ऐकण्याबद्दल ती मार खाऊ लागली. एकदा तिच्या पायावर वळ दिसले. ताईने विचारलं तर आई म्हणाली, "ऐकत नाय म्हनून. मी बोलून बोलून मेले." मी तिथेच फुग्याच्या डब्यावर तांदळाचे दाणे ठेवत होतो. मान वर न करता मी ठेवत राहिलो.

दिवाळी गेली, थंडी गेली. शिमग्याच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे ओहोटीला खडक उघडे पडतात आणि बायका खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, फोडायला जातात. मुलंही मागे जातात. मी सकाळी किनाऱ्याने चालायचो. त्या दिवशी बायका परत फिरत होत्या, भरती लागली होती. तेवढ्यात तिची आई ओरडू लागली. मुलगी पुढच्या मोठ्या खडकावर उकिडवी बसली होती, समुद्राकडे तोंड करून. तिच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये जो खोलगट भाग आहे तिथे पाणी शिरायला लागलं होतं. तो भाग आधी भरतो आणि त्यात ओढ असते, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत आहे.

"ए बाय! ए! इकरं ये! भरती आली गं!"

चार-पाच बायका ओरडत होत्या. आई टोपली घेऊन लांबच्या बाजूला होती. ती जागची हलली नव्हती, कारण तिला वाटत होतं, मुलगी ऐकतेय आणि हट्ट करतेय. "थांब, आज तुझी तंगडीच मोडते," असं ती ओरडली.

मी सगळ्यांत जवळ होतो. मी पळालो. त्या वयात मी पळू शकेन असं मला वाटलं नव्हतं. पाणी आधी गुडघ्याला, मग मांड्यांना लागलं. कालवांच्या कडांनी पाय कापले. मध्यावर एका लाटेने मला आडवं ढकललं आणि वाटलं, आता दोघंही जातो. खडकाला हात लागला. मी मागून तिचा दंड धरला तेव्हा ती किंचाळली. तिला ना माझी चाहूल होती, ना पाण्याची, ना मागच्या आरड्याओरड्याची. हातात दोन शिंपले होते. तिला खांद्यावर घेऊन परत येताना पाणी माझ्या छातीला होतं. तोवर आई पाण्यात शिरली होती, तिने पोरीला ओढून घेतलं.

वाळूत बसून मी धापा टाकत होतो. आईने आधी मुलीला दोन धपाटे घातले, मग छातीशी धरलं, मग माझ्या पाया पडली. आणि मग जरा श्वास घेऊन म्हणाली,

"गुरुजी, आमी सगल्या बोंबलत होतो. तुमी एक हाक नाय मारली. सरल पलत सुटलात. का?"

तिच्या प्रश्नात संशय नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. त्या वेळी तरी खरं सांगायला हवं होतं. समुद्रातून निघालो होतो, मरणाची भीती नुकती पाहिली होती. पण त्याहून मोठी भीती ती पोर घेऊन समोर बसली होती.

मी म्हटलं, "मला संशय आला. इतक्या हाका मारून वळत नाही म्हणजे... आपण आज नीट बघू."

त्याच दिवशी दुपारी अंगणवाडीत मी सगळ्यांसमोर तो प्रयोग केला, जणू पहिल्यांदाच. मुलीला बैठकीवरून उतरवून अंगणात वाळूत बसवलं. मागे उभं राहून रिकामी बाटली वाजवली, भरलेली वाजवली, डबा वाळूवर ठेवून बडवला. ताई मोबाइल धरून उभी होती. मी ताईला समजावलं की फळीवर ती वळते ती थरथर अंगाला लागते म्हणून. "त्या दिवशी आपण फसलो," असं मी म्हटलं. आपण. त्या चित्रीकरणात माझा आवाज स्पष्ट आहे. ज्याला बघायचं त्याने बघावं.

आईने तोंडात पदर कोंबला. तिला पोरीच्या पायावरचे वळ आठवले असणार.

मुलीला तपासायला आधी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, मग मुंबईला. रेवसवरून लाँचने गेलो. मी सोबत होतो, कारण आता मी त्यांचा आधार झालो होतो. तपासणीसाठी मुलीला औषध देऊन झोपवलं, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडले आणि मेंदूपर्यंत काही पोचतं का ते यंत्रावर बघितलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. त्या तासाभरात मी काय काय कबूल करायचं ठरवलं आणि काय काय मागे घेतलं, याला मोजदाद नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही कानांच्या आतल्या भागात दोष आहे, जन्मापासूनचा असावा. कानाचे पडदे शाबूत आहेत. मी विचारलं, "मार लागून होतं का असं?" 

"मारामुळे? नाही. हे तसं नाही," त्या म्हणाल्या. "पण उशीर झालाय. लहान वयात जितकं लवकर तितकी भाषा लवकर येते. कानात यंत्र बसवायच्या शस्त्रक्रियेला सरकारी मदत मिळते, पण तिला वयाची अट असते, ती आता ओलांडलीय. आठ-नऊ महिने आधी आला असता तर निदान अर्ज करता आला असता. आता यंत्र लावू, शिकवू. बघू किती येतं. कधी लक्षात आलं तुमच्या?"

आई म्हणाली, "गुरुजींनी शोधलं. परवाच."

मी मान डोलावली.

जन्मापासूनचा दोष, हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. मला आनंद झाला. माझी थप्पड निर्दोष सुटली. तो आनंद जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत टिकला. तिथे आई पायरीवर बसली आणि मुलीच्या केसांतल्या चिकट खुणा ओल्या पदराने पुसू लागली. मला आठ-नऊ महिने हे शब्द पुन्हा ऐकू आले. थपडेने काहीच केलं नव्हतं. जे केलं ते माझ्या भीतीने, नंतर, रोज.

सत्कार झाला तो त्यानंतर. मी नाही म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्या आईकडे गेलो. ती बांबूच्या दांडीवर बोंबील अडकवत होती, दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत घालून. मुलगी पलीकडे भावाबरोबर होती, दोन्ही कानांमागे यंत्रं. आता ती काही जाड आवाजांना वळते. आठवड्यातून दोनदा शिकवायला एक बाई येतात. पाच-सहा शब्द येतात, आईलाच कळतील असे.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. थपडेपासून. ती बोंबील अडकवत राहिली.

"थप्पड मना माहीत हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी तिनं हातानं करून दाखवलंन. गुरुजी लोक मारतातच. आमी बी मार खाल्ला." मग तिने मान वर केली. "डब्याचं सांगा. माज्यासमोर वाजवलात तवा तुमाला माहीत होतं?"

"होय."

"ती फलीवर हाय म्हनून वलते, ते?"

"होय."

तिने हातातले बोंबील खाली टोपलीत टाकले. मला वाटलं, ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने मुलीकडे पाहिलं.

"मी तिला किती मारलं, गुरुजी," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर मारलं."

मी टोपलीजवळ खाली बसलो.

"लिवा हे," ती म्हणाली. "सगलं लिवा. मना वाचता येत नाय, ताई वाचंल. गावानं बी वाचूद्या. आनि तिला वाचता आलं का ती वाचंल. ती काय म्हनंल ते म्हनंल. माफीचं मना इचारू नका."

मी लिहिलं. काल इथपर्यंतचे कागद ताईकडे दिले. तिने तिथेच उभ्याने पहिली दोन पानं वाचली आणि माझ्याकडे न बघता घडी घालून पिशवीत ठेवली. नेहमी चहा विचारते, काल विचारला नाही. उद्या अंगणवाडी सुटल्यावर ताई हे मुलीच्या आईला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, आणि मी समोर बसायचं, असं आईने कळवलं आहे. मुलगीही असेल. तिला यातलं एक अक्षर समजणार नाही. पण ती माणसांच्या तोंडाकडे बघून पुष्कळ ओळखते, आणि ती उद्या माझ्या तोंडाकडे बघेल.